भिंतीपलीकडचा ढोल

आमच्या खानदेशात शेजाऱ्याला चिठ्ठी लिहायची रीत नाही. बोलायचं ते कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून, आणि भांडायचं तेही तिथूनच. त्यामुळे जळगावातल्या आमच्या रो हाउसच्या सामाईक भिंतीपलीकडे राहणाऱ्या तरुणाला रात्रीच्या गाण्यांबद्दल चार ओळी लिहायचं ठरवलं, तेव्हा मायन्यापाशीच अडलो. ‘चि.’ लिहावं तर वडीलकी गाजवल्यासारखं, ‘मा.’ लिहावं तर तहसीलदाराकडे अर्ज केल्यासारखं. शेवटी ‘भाऊ’ लिहिलं. या एका शब्दावर इकडे निम्मी कामं होतात.

मुलगा गुणी आहे. डाळ मिलमध्ये दुसऱ्या पाळीला असतो. दहानंतर घरी येतो, आंघोळ करतो, खिचडी टाकतो आणि कुकरच्या शिट्टीसोबत अहिराणी गाणी लावतो. त्याची संध्याकाळ आमच्या रात्री उगवते, त्याला तो तरी काय करणार?

इकडे आई ऐंशीच्या पुढची. नऊला अंथरुणावर, पहाटे चारला जागी. उन्हाळाभर तक्रार नव्हती, कारण जळगावचा उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलरच्या एकसुरी घरघरीखाली शेजारची गाणीच काय, शेजारचं लग्नही बुडून जातं. दिवाळी झाली, कूलरवर जुनी चादर पडली आणि पहिल्याच थंडीत आई उठून बसली. ‘हाई काय धमधम शे रे?’

आता यात एक पेच होता. आईला दारावरची बेल ऐकू येत नाही. फोन वाजला तर मी सांगावं लागतं. कानातलं यंत्र तर झोपताना काढून डबीत ठेवलेलं. शेजाऱ्याने सरळ विचारलं असतं, ‘आजींना तर ऐकूच येत नाही ना?’, तर मी काय सांगणार होतो?

उत्तर कानातच आहे. म्हातारपणी कान जातो तो बहुधा वरच्या पट्टीकडून. बेल, पाखरं, ‘स’ आणि ‘श’ आधी हरवतात. खालचा, खर्जातला आवाज मात्र बराच काळ शाबूत राहतो. भिंतीचंही नेमकं तसंच आहे. गायकाचा बारीक आवाज विटांत अडतो, पण ढोलाचा ठोका सहज पार होतो. खर्जाची एकेक लाट सहा-सात मीटर लांब असते. तिच्यापुढे आमची वीतभर भिंत ती काय! म्हणजे भिंत जेवढं सोडते, तेवढंच आईच्या कानाला उरलेलं. गाणं पलीकडे राहतं आणि धमधम तेवढी आईच्या वाट्याला येते. उशाशी तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र त्या ठोक्यावर बारीक किणकिणत असतं. आई भिंतीला तळवा लावते आणि म्हणते, ‘बोल तरी ऐकू येऊ दे म्हणावं, नाहीतर ताल बंद कर म्हणावं.’

वेळही नेमकी वाईट. गाढ झोप बहुतेक करून रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांत लागते, आणि वयाबरोबर ती तशीही आटत जाते. आईची ती शिल्लक नऊ ते बाराची, म्हणजे नेमकी खिचडीची वेळ. एकदा मोडली की पुढे नुसती कूस बदलणं.

धुळ्याचे आमचे मेहुणे कायद्याचे माणूस. त्यांनी फोनवरच फैसला दिला, ‘कलम टाक!’ कलम आहेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी भागात त्या वेळी मर्यादा 45 डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितलं की, खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण खरी गंमत पुढे आहे. हे डेसिबल ज्या पद्धतीने मोजतात, तीत खर्जाला फार कमी वजन मिळतं. मोबाइलमधलं मापक तर त्या बाबतीत आणखी बेभरवशाचं. म्हणजे आकडा नियमात बसेल आणि आई उठून बसलेली असेल. शिवाय ‘नियम’ हा शब्द आला की चिठ्ठीची नोटीस होते, आणि नोटिशीला उत्तर शेजारी देत नाही, वकील देतो. मी कलम वगळलं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, असाही एक सल्ला आला. तिथे चाळीस जण ‘सहमत’चा अंगठा दाखवतील आणि मुलगा चारचौघांत खजील होईल. खजील झालेला माणूस आवाज कमी करतो, पण नंतर नमस्कारही करत नाही.

चिठ्ठी अशी झाली :

‘भाऊ, तुमच्याकडचा आवाज मोठा आहे असं नाही, आम्हाला गाण्याचे शब्दही ऐकू येत नाहीत. फक्त ढोल भिंतीतून येतो आणि आईची पहिली झोप मोडते. तुम्हाला हे तुमच्या खोलीतून कळणार नाही. स्पीकर आमच्या भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीवर असेल, तर समोरच्या भिंतीकडे, कोपरा सोडून, स्टुलावर ठेवून बघाल का? खाली जाड रबर किंवा घडी घातलेली गोधडी असावी. दहानंतर बेस अगदी खाली करावा, किंवा हेडफोन लावावा. सुट्टीच्या दिवशी दुपारी मात्र मोकळेपणाने लावा, आईला तीच गाणी शब्दांसकट ऐकायची आहेत. शंका वाटली तर रात्री आमच्याकडे येऊन भिंतीला हात लावून बघा. फोन नंबर खाली देतो आहे.’

एवढं बारीक लिहिण्याला कारण आहे. ‘आवाज कमी करा’ म्हटलं की माणूस आवाजाचं बटण फिरवतो. गायकाचा आवाज जातो आणि ढोल उरतो. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज आणखी फुगतो, आणि जमिनीवर टेकलेला स्पीकर फरशीलाच हादरवतो. गोधडीने तो हादरा तुटतो, हवेतून येणारा खर्ज मात्र तुटत नाही. म्हणून बेसही खाली करावा लागतो. दोन्ही केल्याशिवाय भागत नाही.

चिठ्ठी सकाळी दिली. रात्री स्पीकर चालू असताना दार ठोठावलं की चिठ्ठीचीही तक्रार होते. सोबत डबा दिला. थंडीचे दिवस, भरिताची हिरवी वांगी आलेली. पऱ्हाट्यांवर भाजून बडगीत ठेचलेलं भरीत आणि कळण्याच्या दोन पुऱ्या. याला लाच म्हणा हवं तर.

त्याच रात्री तो आला, चप्पल बाहेर काढून. मित्राला मोबाइलवरून गाणं लावायला सांगून आला होता. त्याने भिंतीला हात लावला, फुलपात्राकडे बघितलं आणि म्हणाला, ‘आमच्याकडे तर काहीच वाटत नाही हो काका!’ स्पीकर दुसऱ्या दिवशी हलला. डबा परत आला तो केळी भरून. आता रविवारी दुपारी गाणी लागतात आणि आई यंत्र घालून बसते. तिचा निकाल असा, की ताल बरा होता, शब्द काही खास नाहीत.

तुमच्याही भिंतीपलीकडे असा ढोल असेल, तर चिठ्ठीत राग लिहू नका, कलमही लिहू नका. शेजाऱ्याला त्याच्या बाजूने जे ऐकू येत नाही तेवढंच लिहा, आणि स्पीकर कुठे ठेवायचा ते नेमकं सांगा. डबा मात्र रिकामा देऊ नका.