शनिवारी फक्त

मार्चअखेरीला एका कार्यालयात मेल फिरला : ‘शनिवारी फक्त लेखा विभागाचे कर्मचारी कार्यालयात येतील.’ वाक्य सरळ, व्याकरण निर्दोष, खाली ‘कळावे’. लेखा विभागाने सुस्कारा सोडला आणि इतर विभागांनी मनातल्या मनात साहेबांना दुवा देऊन सुटीचे बेत आखले.

साहेबांच्या मनात मात्र वेगळंच होतं. शनिवार सगळ्यांचाच कामाचा होता. वरून कोणीतरी लेखा विभागाला रविवारीही बोलवा म्हणून धोसरा लावला होता, तो साहेबांनी मोडून काढला होता. यायचं ते शनिवारपुरतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. शनिवारी लेखा विभाग हजर, आवक-जावकचं टेबल ओस, सर्व्हरच्या खोलीला कुलूप आणि किल्लीवाला सासुरवाडीला.

साहेब जिन्यात भेटून हेच वाक्य बोलले असते, तर काही बिघडलं नसतं. ‘शनिवारी फक्त’ एका दमात म्हणून ते क्षणभर थांबले असते. ‘शनिवारी’ म्हणून थांबले असते आणि ‘फक्त लेखा’ वर जोर दिला असता, तर अर्थ दुसरा. बोलताना हा ‘फक्त’ आपल्या शब्दाच्या पुढे बसतो किंवा मागे बसतो, आवाज त्याला बरोबर जागी धरून ठेवतो. मेलमध्ये आवाज नसतो. मग दोन शब्दांच्या मधोमध उभा राहिलेला ‘फक्त’ दोन्हीकडे बघतो, आणि वाचणारा आपल्या सोयीची बाजू घेतो. सुटीची असली तर जरा लवकरच घेतो.

‘च’चं तसं नाही. तो शब्दाला चिकटतो आणि तिथून हलत नाही. ‘लेखा विभागाचे कर्मचारी शनिवारीच येतील’ म्हटलं की रविवार वाचला. ‘शनिवारी लेखा विभागाचेच कर्मचारी येतील’ म्हटलं की इतरांची सुटी पक्की. मग लोक ‘च’ का वापरत नाहीत? कारण तो उद्धट वाटतो. ‘बिलं आजच पाठवा’ यात कमरेवर हात ठेवलेला माणूस दिसतो. ‘तुम्हीच तपासलंत ना?’ हा तर प्रश्न नव्हेच, आरोपपत्र आहे. उलट ‘फक्त एक सही हवी होती’ मधला ‘फक्त’ काही मर्यादा घालत नाही, नुसता हात जोडतो. मेल लिहिताना आपण त्याला असा नम्रतेसाठी कुठेही शिंपडतो. तीच सवय अंगवळणी पडते आणि खरोखर मर्यादा घालायची वेळ आली तरी तो कुठेही पडतो.

‘ही’ सुद्धा चिकटणाराच, पण तो चुकीच्या शब्दाला चिकटला तर मामला नाजूक होतो. निवृत्त होणाऱ्या बाईंच्या निरोपाचा मेल घ्या. ‘बाईंनी या प्रकल्पातही काम केलं’ म्हणजे इतर प्रकल्पांत केलंच, शिवाय यातही. ‘बाईंनीही या प्रकल्पात काम केलं’ म्हणजे खरं काम इतरांचं, बाई होत्या आपल्या. आणि ‘बाईंनी या प्रकल्पात कामही केलं’ असं लिहून पाठवलंत, तर एरवी त्या तिथे काय करत होत्या, यावर डब्याच्या वेळेत चर्चा ठरलेली. एक अक्षर तीन जागी, आणि प्रत्येक वेळी शालीची किंमत वेगळी.

इंग्रजीत मेल लिहिला म्हणून सुटका नाही. आपण ‘च’ची पाठवणी ‘ओन्ली’ म्हणून करतो. ‘आय अ‍ॅम इन पुणे ओन्ली’, म्हणजे पुण्यातच आहे, कुठे गेलो नाही. लंडनचा वाचणारा विचारात पडतो, की या माणसाला पुण्याबाहेर जायला बंदी आहे का. अर्थात त्यांच्या घरीही सगळं आलबेल नाही. त्यांचा ‘ओन्ली’ स्वभावतः क्रियापदाच्या आधी जाऊन बसतो, मग मर्यादा वाक्याच्या शेवटच्या शब्दाला का असेना. तिकडचे शिस्तप्रिय लोक त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत आले. फाउलर यांनी 1926 च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात अशा कुरकुऱ्यांनाच फटकारलं : अर्थ स्पष्ट असेल तर ‘ओन्ली’ला त्याच्या सवयीच्या जागी बसू द्या. फाउलर शहाणे होते. मात्र अर्थ स्पष्ट आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याला तो आधीपासून माहीत असतो.

‘फक्त’ आपल्या जागी निमूट बसलेला पाहायचा असेल, तर चेक पाहावा. ‘रुपये पाच हजार फक्त’. रकमेच्या शेवटी तो दाराला कडी लावून उभा असतो, मागून कोणी ‘आणि पाचशे’ घुसवू नये म्हणून. पैशाचा प्रश्न आला की आपल्याला त्याची जागा बरोबर आठवते.

त्या शनिवारनंतर सोमवारी खुलासा आला. ‘मागील मेलमधील सूचना फक्त लेखा विभागासाठी होती.’ यावर विक्री विभागाने ताबडतोब विचारलं, की मग आमच्या रजेचं काय?