कपाट एक, कर भरणारे चार

आपल्याकडे कर भरणाऱ्यांपेक्षा 'मी कर भरतो' असं सांगणारेच नेहमी जास्त भेटतात. कारखानदार सांगतो, आम्ही भरतो. घाऊक व्यापारी सांगतो, आम्ही भरतो. दुकानदार तर गल्ल्यावर हात ठेवून सांगतो. चौथा माणूस, म्हणजे दसऱ्याला लोखंडी कपाट विकत घेणारे आपले नाना, काहीच सांगत नाहीत. कपाट जिन्यातून वर कसं चढणार या विवंचनेत ते असतात. जीएसटी नावाची सगळी यंत्रणा मात्र याच गप्प बसलेल्या माणसाच्या खिशावर उभी आहे. बाकीचे तिघं फक्त पैसे पुढे सरकवतात.

ते कसे सरकतात हे पाहायला नानांचं कपाटच घेऊ. समजा, कोल्हापूरकडचा एक कारखानदार पोलाद कंपनीकडून ५,००० रुपयांचा पत्रा घेतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०० रुपये. पोलाद कंपनीच्या मागेही खाणीपर्यंत गेलेली साखळी आहे, पण तिच्या मागे लागलो तर कपाट घरी यायला दिवाळी उलटेल. तेव्हा इथवरच्या मंडळींनी मिळून सरकारात ९०० रुपये भरले, एवढं धरून चालू.

कारखानदार पत्रा कापतो, वाकवतो, रंगवतो, कुलूप बसवतो आणि कपाट पुण्यातल्या घाऊक व्यापाऱ्याला ९,००० रुपयांना विकतो. बिलात वर १,६२० रुपये कर. हे १,६२० तो घाऊकवाल्याकडून वसूल करतो, पण सगळे सरकारला देत नाही. पत्र्यावर आधीच दिलेले ९०० त्यातून वजा करतो आणि उरलेले ७२० भरतो. या वजावटीचं नाव इनपुट टॅक्स क्रेडिट. व्यापारी नुसतं 'आयटीसी' म्हणतात, आणि विक्रीकराच्या जमान्यातले जुने लोक अजून 'सेट-ऑफ' म्हणतात.

आता हे ७२० कशावरचे? कारखानदाराने पत्र्याच्या किमतीत जे ४,००० घातले, त्याचे १८ टक्के. त्या ४,००० मध्ये त्याची मजुरी आहे आणि नफा आहे. मजुरीवर जीएसटी नसतो, म्हणून तिचं क्रेडिटही नसतं. मूल्यवर्धित कर म्हणतात तो हाच. ज्याने जेवढी भर घातली, त्याने तेवढ्याचा भरायचा.

पुढचं भराभर सांगतो. घाऊकवाला दुकानदाराला कपाट १०,००० ला देतो, कर १,८००. त्यातून १,६२० वजा जाऊन त्याने भरायचे १८०. दुकानदार नानांना १२,००० ला विकतो, कर २,१६०. त्यातून १,८०० वजा, भरायचे ३६०. नानांच्या हातात बिल येतं १४,१६० चं. आता ९००, ७२०, १८० आणि ३६० यांची बेरीज करून पाहा. बरोबर २,१६० येते. म्हणजे नानांच्या बिलावरचा कर चार हप्त्यांत, चार वेगळ्या हातांनी, आधीच तिजोरीत पडायला लागला होता. प्रत्येकाने आपण भरलेला कर पुढच्याकडून वसूल केला. नानांच्या पुढे कोणीच नाही.

क्रेडिट नसतं तर काय झालं असतं? भर तीच, दर तोच, पण प्रत्येक टप्प्यावर मागच्या करासकट किमतीवर पुन्हा १८ टक्के लावत गेलं, तर हेच कपाट वीस हजारांच्या वर जातं. ही अगदीच कल्पनेतली गोष्ट नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तरी केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं होतं. दुकानदाराला त्याचं क्रेडिट मिळत नसे, आणि व्हॅट लागायचा तो त्या शुल्कासकट किमतीवर. करावरचा हा कर १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बराचसा गेला. मूळ युक्ती मोरिस लोरे या फ्रेंच अधिकाऱ्याची. फ्रान्सने ती १९५४ मध्ये अमलात आणली, आणि तेव्हापासून जगभरच्या अर्थमंत्र्यांना ती आवडते. आवडण्याचं कारण साधं आहे. या करात हवालदार लागत नाही, असं त्यांना वाटतं. खरेदीदाराला क्रेडिट हवं, म्हणून तो विकणाऱ्याकडून बिल मागतो. बिल दिलं की विकणाऱ्याची विक्री कागदावर येते. म्हणजे प्रत्येक जण मागच्याचा हवालदार.

आता हवालदारी फुकट करून घ्यायची, तर सरकारने निदान हवालदाराला मार खाऊ देऊ नये. इथेच गोची आहे.

महिन्याच्या महिन्याला विवरण भरणारा कारखानदार आपल्या विक्रीची यादी पुढच्या ११ तारखेपर्यंत पोर्टलवर चढवतो. १४ तारखेला घाऊकवाल्याच्या खात्यात एक तक्ता तयार होतो. बोलीभाषेत त्याला 'टू-बी' म्हणतात. कोणी कोणी तुमच्या नावावर बिल दाखवलं, ते त्यात दिसतं. २० तारखेपर्यंत घाऊकवाल्याने आपलं विवरण भरून कराचा हिशेब मिटवायचा. टू-बीमध्ये बिल दिसलं नाही, तर हातात कागदी बिल असलं, माल गोदामात असला, पैसे बँकेतून दिलेले असले, तरी क्रेडिट मिळत नाही. म्हणून १४ ते २० या आठवड्यात कुठल्याही सीएच्या ऑफिसात फोन करून पाहा. सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत असतात, 'आमचं बिल का दिसत नाही?'

बिल दिसलं म्हणजे सुटलो, असंही नाही. कारखानदाराने यादी चढवली, घाऊकवाल्याकडून १,६२० घेतले, आणि सरकारात भरलेच नाहीत तर? कायद्याच्या कलम १६ मध्ये अट आहे की तो कर प्रत्यक्ष सरकारात पोचलेला हवा. विकणाऱ्याने आपलं कराचं विवरण आर्थिक वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत भरलं नाही, तर घेणाऱ्याने ३० नोव्हेंबरपर्यंत आपलं क्रेडिट उलटवायचं. पुढे विकणाऱ्याला सुबुद्धी झाली आणि त्याने भरलं, तर क्रेडिट परत घेता येतं. तोवर तेच १,६२० रुपये घाऊकवाल्याने दोनदा मोजलेले असतात, एकदा कारखानदाराला आणि एकदा सरकारला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे नवीनही नाही. व्हॅटच्या काळात महाराष्ट्राच्या कायद्यात अशीच अट होती. तिला आव्हान दिलं गेलं आणि २०१२ मध्ये 'महालक्ष्मी कॉटन' प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. तिजोरीत जे आलंच नाही त्याची वजावट कुठून द्यायची, हा सरकारचा युक्तिवाद हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण परवाना सरकारने द्यायचा, नोंदणी सरकारने करायची, आणि तो माणूस पळाला की शोधायचा व्यापाऱ्याने, हे मला तरी बिनतोड वाटत नाही.

एवढा बंदोबस्त असून साखळी फुटते ती नेमकी शेवटच्या कडीला. कारण नानांना क्रेडिट नाही. बिल मागून त्यांना कराचा एक पैसा परत मिळणार नाही, म्हणून हा हवालदार ड्युटीवर नसतो. दुकानदार हे ओळखून असतो. तो आवाज खाली आणून विचारतो, 'काका, बिलाचं कसं करायचं? बिलाशिवाय साडेतेरा हजारात देतो.' नानांचे ६६० रुपये वाचतात. नाना खूश.

पण दुकानदाराची अडचण पुढे आहे. कपाट त्याने बिलावर घेतलंय, टू-बीमध्ये ते दिसतंय, त्याचं १,८०० चं क्रेडिट त्याने घेतलंय. क्रेडिट एकेका वस्तूला बांधलेलं नसतं. ते महिन्याच्या एकूण करातून वजा होतं, त्यामुळे दुसऱ्या विक्रीच्या करात ते वापरूनही झालं. मग कागदावर शिल्लक असलेल्या त्या कपाटाचं काय करायचं? चोरीला गेलं म्हणावं, तर चोरीच्या मालाचं क्रेडिट उलटवावं लागतं. मोडलं, भेट दिलं, घरी वापरलं म्हणावं, तरी उलटवावं लागतं. कायदा लिहिणाऱ्याने आपल्या लोकांना बऱ्यापैकी ओळखलेलं आहे.

यावर बाजाराचं उत्तर असं की माल एकीकडे, बिल दुसरीकडे. नानांना न दिलेलं बिल एखाद्या रस्त्याच्या कंत्राटदाराच्या नावाने फाडलं जातं, १२,००० अधिक २,१६० कर. कंत्राटदार बँकेतून १४,१६० पाठवतो. दुकानदार त्यातले १,००० ठेवून बाकीचे रोख परत करतो. कंत्राटदाराला हजार रुपयांत २,१६० चं क्रेडिट मिळालं, म्हणजे त्याची कमाई १,१६०. दुकानदाराकडे नानांचे १३,५०० आणि हे १,००० आले. त्यातून खरेदीचे ११,८०० आणि सरकारला ३६० गेले. उरले २,३४०. सरळ मार्गाने २,००० उरले असते, म्हणजे त्याचे ३४० वाढले. नानांचे ६६०, दुकानदाराचे ३४०, कंत्राटदाराचे १,१६०. बेरीज पुन्हा २,१६०. चार हातांनी तिजोरीत घातलेली रक्कम तीन हातांनी बाहेर काढली, आणि सगळ्यात मोठा वाटा मिळाला तो ज्याने कपाट पाहिलंही नाही त्याला.

पकडले जातात, तेव्हा बहुधा फुटकळ गोष्टींवरून. खरेदी-विक्री सतत आहे, पण भाडं, पगार, वाहतूक यांचा खर्च नाही. ट्रकभर मालाच्या ई-वे बिलावर गाडीचा नंबर आहे, आणि तो निघतो स्कूटरचा. बनावट क्रेडिटची रक्कम पाच कोटींच्या वर गेली, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. एका कपाटाला अर्थात कोणी विचारत नाही.

सहा महिन्यांत नानांच्या कपाटाचं कुलूप बिघडलं. नाना दुकानात गेले, तर दुकानदाराने वॉरंटीसाठी बिल मागितलं. बिल कंत्राटदाराच्या फायलीत आहे, आणि फायलीप्रमाणे ते कपाट रस्त्याच्या कामाला लागलेलं आहे.