सत्तावीस आणि एकोणतीस

एरवी पार्टीचा फोन आला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायला लावणारा अकाउंटवाला पंचवीस तारखेनंतर अचानक माणसाळतो. तो स्वतःहून फोन करतो. पाऊसपाण्याची चौकशी करतो, ‘आईंचा गुडघा कसा आहे आता?’ असंही विचारतो. पलीकडचा मुरलेला असला तर गुडघ्याचं उत्तर न देता थेट विचारतो, ‘कुठलं बिल राहिलंय?’

आमचं राहिलेलं बिल बोल्टचं होतं. भोसरीतल्याच एका छोट्या कारखान्याने आमच्या भोसरीच्याच कारखान्याला पाठवलेला माल. किंमत 1,20,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,600. बोल्ट आले, स्टोअरने मोजून घेतले, जीआरएन झाली. काही बोल्ट तर यंत्रात बसून गिऱ्हाइकाकडे रवानाही झाले. बिल मात्र आलं नाही. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढायच्या असा नियम आहे: पहिली घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे. ड्रायव्हरने आपली दुसरी प्रत गेटवर दाखवली, शिक्का घेतला आणि खिशात घालून तो निघून गेला. पहिली प्रत ‘मेल करतो’ या दोन शब्दांत अडकून पडली.

फोन केल्यावर व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटो आला. स्कूटरच्या सीटवर बिल पसरून काढलेला, कोपऱ्यात किल्लीसकट. किल्लीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती आमच्या जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांबद्दल. तिथे 27 हवे होते, 29 होते.

हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं कंपनीचा पॅन. तेरावं अक्षर त्या राज्यात त्या पॅनवर कितवी नोंदणी हे सांगतं, चौदावं बहुधा ‘Z’ असतं आणि पंधरावं आधीच्या चौदांवर पहारा करतं. मधलं एखादं अक्षर चुकीचं टाइप केलं तर पंधराव्याचा हिशेब जुळत नाही आणि पोर्टल नंबर नाकारतं. म्हणजे बोट घसरलं तर सरकारला कळतं. पण आमची एक शाखा बंगळूरला आहे. तिचा पॅन तोच, तेरावं-चौदावं अक्षरही तेच. फरक फक्त सुरुवातीच्या दोन आकड्यांत आणि शेवटच्या पहारेकऱ्यात. या पार्टीने मागे एकदा बंगळूरला माल पाठवला होता, तेव्हापासून त्यांच्या संगणकात आमच्या नावाची दोन खाती आहेत, एकाखाली एक. बिल करणाऱ्या मुलाने खालचं निवडलं. नंबर अस्सल, पहारेकरी समाधानी, फक्त राज्य दुसरं.

राज्य बदललं की करही बदलतो. भोसरीहून भोसरीला आलेल्या मालावर सीजीएसटी 10,800 आणि एसजीएसटी 10,800 लागायला हवा होता. 29 दिसल्यावर सॉफ्टवेअरने बोल्ट सरळ कर्नाटकाला जात आहेत असं मानलं आणि 21,600 चा आयजीएसटी लावला. एकूण रक्कम तीच, 1,41,600. त्यामुळे पार्टीच्या शेठना चूक पटेना. ‘अहो, रुपयाचाही फरक नाही! तुम्ही पेनने 29 चं 27 करा, मी सही-शिक्का मारून देतो.’

शेठचा हा तोडगा व्हॅटच्या जमान्यात कदाचित खपूनही गेला असता. आता आमच्या हातातला कागद ही अर्धीच गोष्ट आहे. पार्टी पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 मध्ये आपली बिलं चढवते. 14 तारखेला त्यावरून आमचं टू-बी तयार होतं. आणि त्यात दिसेल तेवढंच क्रेडिट आम्हाला 20 तारखेपर्यंत थ्री-बी भरताना घेता येतं. बिल 29 वर चढलं तर ते बंगळूरच्या टू-बीत उगवणार. तिथल्या बाई ‘हे बोल्ट कुणाचे?’ असा मेल सगळ्यांना टाकणार, आणि आम्ही 21,600 रुपये त्या महिन्यात खिशातून भरणार. पेनने केलेला 27 पोर्टलला दिसत नाही, शेठची सही कितीही वळणदार असली तरी.

आता मजा बघा. पैसे आमचे, चूक त्यांची, आणि अजिजी करायची आम्ही. महिन्याचं क्लोजिंग एका बिलासाठी थांबत नाही, हे खरं. 1,20,000 ची तरतूद टाकून खर्च त्या महिन्यात दाखवता येतो. पण तरतुदीवर कराचं क्रेडिट मिळत नाही. ते शेठच्या त्या मुलाच्या एका क्लिकवर अवलंबून असतं. म्हणून मेल लिहिताना रागाला थोडं बाजूला बसवावं लागतं.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने पहिला मसुदा केला तो असा: ‘वारंवार सांगूनही आपण बिल पाठवलेले नाही, तरी त्वरित पाठवावे.’ यात राग पूर्ण होता, माहिती शून्य. पार्टीने त्वरित तेच बिल पुन्हा पाठवलं असतं, फार तर किल्ली काढून. शेवटी गेलेला मेल असा होता:

‘सप्रेम नमस्कार. 24 तारखेच्या बोल्टच्या बिलावर आमच्या बंगळूर शाखेचा नंबर पडला आहे. माल भोसरीला मिळाला आहे. आमची ऑर्डर आणि भोसरीचं जीएसटी प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. कृपया हे बिल रद्द करून 27 ने सुरू होणाऱ्या नंबरवर, सीजीएसटी-एसजीएसटी लावून नवं बिल 30 तारखेपर्यंत पाठवावं आणि जीएसटीआर-1 मध्ये नवंच चढवावं. अजून रिटर्न गेलेलं नसल्याने हे आता सोपं आहे. नंतर आपल्याला योग्य खात्यात कर पुन्हा भरून आधीचा परत मागत बसावं लागेल. नवं बिल मिळताच ते येत्या पेमेंटच्या यादीत घेतो.’

या मेलमधलं शेवटून दुसरं वाक्य शेठच्या सीएसाठी होतं आणि शेवटचं शेठसाठी. त्यातलं आधीचं वाक्य वाचून सीएने शेठना फोन केला असावा. शेठनी शेवटचं स्वतः वाचलं. पार्टी ई-इनव्हॉइसच्या पाच कोटींच्या मर्यादेखालची, हेही आमचं नशीब. तिथे नोंदवलेलं बिल चोवीस तासांनंतर रद्दच होत नाही, मग सगळा मार्ग क्रेडिट नोटच्या वळणाने जातो.

नवं बिल दुसऱ्या दिवशी आलं, चक्क पीडीएफ. नंबर बरोबर, कर बरोबर. नव्या मुलाने उत्साहाने ‘मनःपूर्वक आभार’ असा मेल टाइप केला. मी तो ड्राफ्टमध्ये ठेवायला सांगितला. शेठच्या मुलाने बिल बरोबर छापलं, एवढंच आत्ता आपल्याला ठाऊक आहे. चढवलं कोणतं, ते 14 तारखेला टू-बी सांगेल. लेखा विभागात आभार मानायचे ते पोर्टल बघूनच.