मुलाकडचे की मुलीकडचे?

1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही आमच्या क्लायंटना नळस्टॉपजवळच्या एका हॉलमध्ये बोलावतो आणि तुमच्या खिशाला काय लागलं, काय नाही, ते सांगतो. आम्ही म्हणजे दोन सीए, तीन आर्टिकलची मुलं आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताई. वक्ता घरचाच, म्हणजे मी. त्यामुळे भाषणाची काळजी कुणालाच नसते. काळजी असते ती निमंत्रणाची. आणि निमंत्रण धाडायचं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. अर्थमंत्री काय देणार याचा पत्ता नसतो, पण आपण बटाटेवडे किती देणार, हे ठरवून बसावं लागतं.

गेल्या वर्षीचं निमंत्रण मी स्वतः लिहिलं होतं. सुबक होतं. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ होतं. हॉलचं नाव, तारीख, ‘सायं. 6 वाजता’ आणि शेवटी ‘पार्किंगची सोय आहे’. एवढं छापल्यावर आणखी काय लागतं, असं मला वाटलं. काय लागतं ते शनिवारी चारपासून फोनवर कळत गेलं.

पहिला फोन हॉलच्या डोक्यावरून आला. म्हणजे खरोखरच डोक्यावरून. नळस्टॉपला आता पूल आहे, पुलावर मेट्रो आहे आणि फोनमधल्या नकाशाचा बाण वरचं-खालचं काही जाणत नाही. डेक्कनकडून येणारे काका पूल चढले, हॉल खाली बघत बघत पुढे गेले आणि पलीकडे उतरून मला विचारते झाले, “आता काय करू?” पत्ता बरोबर होता. ‘पूल चढू नका, खालून या’ एवढे पाच शब्द नव्हते.

पार्किंगची गोष्ट याहून वाईट. तळघरात चारचाकी लागतात तीस, हे मला माहीत होतं. बाकीच्यांनी रस्त्यावर लावाव्यात म्हणून मी आधी जाऊन पाहूनही आलो होतो. हॉलच्या बाजूला गाड्यांची रांग होती, छान वाटलं. पण मी गेलो होतो 23 तारखेला आणि कार्यक्रम होता 8 तारखेला. पुण्यात राहून ज्याला यातली गोम कळली नाही, त्याने पी-1, पी-2च्या पाट्या कधी वाचलेल्या नाहीत. पी-1ची बाजू विषम तारखांची, पी-2ची सम तारखांची. आमच्या एका जुन्या क्लायंटची गाडी भाषणाच्या विसाव्या मिनिटाला उचलून नेली. मी तेव्हा दंडाच्या तरतुदींवरच बोलत होतो.

पण गेल्या वर्षीचा मानकरी ठरला तो वॉचमन. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. तळमजल्याच्या हॉलमध्ये स्वागत समारंभ, पहिल्या मजल्यावर आम्ही, आणि पार्किंगचा उतार एकच. त्या उतारावर उभा राहून वॉचमन प्रत्येक गाडीला एकच प्रश्न विचारत होता, “मुलाकडचे की मुलीकडचे?” कारण डावीकडची जागा मुलाकडच्यांना आणि उजवीकडची मुलीकडच्यांना, असं त्याला सांगितलेलं. आमची माणसं सज्जन. इन्कम टॅक्सच्या नोटिशीलाही वेळेत उत्तर देतात, पण या प्रश्नावर गडबडली. एकांनी “कुणाचेच नाही” सांगितलं, त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्यांनी “मुलाकडचे” सांगितलं, त्यांना जागा मिळाली. वर येऊन त्यांनी हे इतक्या अभिमानाने सांगितलं की करचुकवेगिरीचं मूळ कुठे असतं, ते मला तिथेच उमगलं.

तेव्हापासून माझं मत असं, की निमंत्रण घरी बसून लिहू नये. आधी वॉचमनशी बोलावं. यंदा मी तेच केलं. तीस जागांपैकी बारा आपल्या, उजवीकडच्या, असं हॉलच्या मॅनेजरकडून वॉचमनसमोर वदवून घेतलं. यंदाचा शनिवार 7 तारखेचा, म्हणजे विषम, म्हणून पी-1 पाटीची बाजू. मग बसून लिहिलं:

‘शनिवार, 7 फेब्रुवारी. दार 5.30ला उघडेल, चहा-वडा 6.15पर्यंत, भाषण 6.15 ते 7.30. डेक्कनकडून येताना नळस्टॉपचा पूल चढू नये. मेट्रोने आल्यास उत्तम. दुचाकी तळघरात कितीही. चारचाकीला बाराच जागा, नंतर रस्त्यावर पी-1 बाजूला. वॉचमनला “पहिला मजला, सीए” एवढंच सांगावं. पोशाख रोजचाच, एसी जोरात असतो, शाल आणावी. आपण किती जण येणार ते सोमवार, 2 तारखेपर्यंत कळवावं. निमंत्रण आमच्या क्लायंटसाठीच आहे, कृपया पुढे पाठवू नये.’

शेवटच्या वाक्याबद्दल कुणी मला शिष्ट म्हणेल. पण नवे क्लायंट मिळवायला आमंत्रणं वाटणं आमच्या आचारसंहितेत बसत नाही, आणि पुणेकर चांगली गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय राहत नाही.

वेळेवरून आमच्याकडे वाद झाला. भागीदार म्हणाला, “सहा लिही, सव्वासहाला सुरू करू.” हे मला मान्य नाही. सहाला येणारा माणूस पंधरा मिनिटं फसतो आणि पुढच्या वर्षी तोही सव्वासहाला येतो. दार आणि भाषण अशा दोन वेळा दिल्या की ज्याला वडा हवा तो लवकर येतो. दाराची वेळ तर लिहायलाच हवी. गेल्या वर्षी पाच वाजता चार जण आले होते, त्यांनीच खुर्च्या मांडल्या.

पोशाखाची ओळ ताईंची. मी ‘बिझनेस कॅज्युअल’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे सफारी चालेल का, असे दहा फोन मला येतील.” खोडलं.

राहिली उत्तराची तारीख. ती मनाने ठरत नाही, केटररकडून मागे मोजत यावी लागते. शनिवारच्या डिशसाठी तो गुरुवारी सामान भरतो, म्हणून आकडा बुधवारी संध्याकाळी मागतो. मंगळवार आणि बुधवारची दुपार न कळवणाऱ्यांना फोन करायला. म्हणून सोमवार. आणि ‘किती जण’ हे विचारलंच पाहिजे, कारण आपल्याकडे “येतो” या एकवचनात काकू, साडू आणि कधीकधी शेजारीही असतात.

यंदा 120 जणांना निमंत्रण गेलं. सोमवारपर्यंत 52 जणांनी ‘हो’ कळवलं, सहा जणांनी ‘नाही’. उरलेल्या 62 जणांना मुलांनी फोन केले. 14 जण हो म्हणाले, 11 नाही, आणि 37 जण म्हणाले, “बघतो.” पोरं नवखी, त्यांनी समोर ‘कदाचित’ लिहिलं. ताईंनी यादी घेतली आणि एकेकाचा आवाज कसा होता ते विचारलं. “बघतो हं, नक्की बघतो” म्हणणारे त्यांनी सरसकट खोडले. “बघतो, शनिवार ना? किती वाजता?” विचारणारे धरले. हो म्हणणाऱ्यांच्या घरची माणसं धरून बेरीज झाली 96. केटररला आकडा दिला 90चा, कारण बुधवारनंतर तो दहा डिश वाढवून देतो, कमी मात्र एकही करत नाही.

आले 94. वॉचमनने अडवलं ते एकालाच, मला. मी घाईत “वक्ता” म्हणालो होतो.

तुम्हालाही असं एखादं निमंत्रण आलं असेल आणि जमणार नसेल, तर सरळ ‘नाही’ कळवा. आम्हाला राग येत नाही. ‘बघतो’ मात्र लिहू नका, त्याची डिश कुणालाच मोजता येत नाही.