दोनशे वर्षांची चूक

‘स्टार ट्रेक’मधल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, याचा मला त्रास होत नाही. जवळजवळ साठ वर्षं, शेकडो भाग आणि कितीतरी लेखक म्हटल्यावर हे व्हायचंच. त्रास होतो तो माझ्या मामेभावाच्या एका वाक्याचा. चुकलेली तारीख दाखवली रे दाखवली की तो म्हणतो, “अरे, चूक कसली? रेटकॉन आहे तो.” रेटकॉन म्हणजे आधी सांगितलेली गोष्ट लेखकांनी मागाहून जाणूनबुजून बदलणं. त्यातलं ‘जाणूनबुजून’ तो दरवेळी गाळतो.

गेल्या दिवाळीत आमचा वाद झाला तो युजेनिक्स युद्धांवरून. १९६७ साली दाखवलेल्या ‘स्पेस सीड’ या भागात खान नून्यन सिंग पहिल्यांदा भेटतो. जनुकीय निवडीतून घडवलेला हा हुकूमशहा १९९२ ते १९९६ या काळात पाव जगावर राज्य करत होता आणि या युद्धांत हरल्यावर ‘बॉटनी बे’ या यानातून निद्रावस्थेत निसटला, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. लिहिणाऱ्यांसाठी १९९२ अजून पंचवीस वर्षं लांब होतं.

आता ‘डीप स्पेस नाईन’. डॉक्टर बशीर यांच्यावर लहानपणी बेकायदा जनुकीय बदल केले होते, हे उघड होतं तो १९९७चा भाग. त्यात एक अॅडमिरल बजावतात की, दोनशे वर्षांपूर्वी आपण माणूस सुधारायला गेलो आणि पदरात युजेनिक्स युद्धं पडली. ही मालिका तेव्हा २३७३ सालात आहे. दोनशे वजा केले की येतं २१७३. म्हणजे ज्या खानला कॅप्टन कर्क २२६७मध्ये झोपेतून उठवतो, तो शंभरच वर्षं झोपला होता असं होईल. पुढे २००४मध्ये ‘एंटरप्राइज’ मालिकेने त्याच युद्धांतून उरलेले भ्रूण २१५४मध्ये चोरीला गेल्याचं दाखवलं. अॅडमिरलचं खरं मानायचं, तर युद्ध व्हायच्या एकोणीस वर्षं आधीच युद्धातले भ्रूण चोरीला गेले.

माझा भाऊ म्हणतो, त्यांनी युद्ध पुढे ढकललं. मी त्याला त्या वाक्यात ‘दोनशे’च्या जागी ‘पावणेचारशे’ घालायला सांगितलं. कथेत काही हललं का? नाही. जनुकीय बदलांवरची बंदी तशीच, बशीरच्या वडिलांना होणारी शिक्षा तशीच, त्याचं दुःखही तसंच. जो आकडा बदलल्याने काहीच बदलत नाही, तो कुणी ठरवून बदललेला नसतो. शिवाय हे वाक्य लिहिणारे रोनाल्ड मूर यांनी स्वतःच ही आपली चूक असल्याचं मान्य केलं आहे. १९८२च्या चित्रपटातल्या खानच्या संवादातलं ‘दोनशे वर्षं’ त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं आणि आपली मालिका त्यानंतर जवळजवळ शतकभराने घडते, हे लिहिताना निसटलं. माणसाने इतक्या सरळपणे चूक कबूल केल्यावर ती त्याची योजना होती म्हणणं, हा त्याच्या प्रामाणिकपणाचा अपमान आहे.

खरा रेटकॉन कसा असतो, तेही याच युद्धांच्या बाबतीत बघायला मिळतं. २०२३मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या एका भागात खानची वंशज लान तुमच्या-आमच्या काळातल्या टोरांटोत पोहोचते आणि तिला भेटतो बालवयातला खान. त्याला मारायला आलेली रोम्युलन हेर सेरा वैतागून सांगते की, हे सगळं १९९२मध्येच घडायचं होतं आणि आपण तीस वर्षं इथे अडकलो आहोत. काळात ढवळाढवळ झाली की घटना पुढे सरकतात, पण घडायच्या राहत नाहीत, असं तिचं म्हणणं. जुनी तारीख पात्राच्या तोंडून मान्य केली आहे, ती का सरकली याचं कारण दिलं आहे, आणि ते काढून टाकलं तर लहान खान तिथे असूच शकत नाही. अख्खा भाग कोसळतो. कारण पटो वा न पटो, हा निर्णय आहे. प्रत्यक्षात नव्वदचं दशक असं युद्ध न होता संपलं होतं आणि मालिकेला आपल्याच जगाचं भविष्य राहायचं होतं.

यावर भाऊ म्हणाला, “मग २०२३च्या खुलाशात १९९७ची चूकही बसवून टाक की!” नाही बसत. सेराच्या म्हणण्याप्रमाणे युद्ध काही दशकं सरकलं, पावणेदोनशे वर्षं नाही. आणि बसलं असतं, तरी सव्वीस वर्षांनंतरच्या खुलाशाने आधीच्या लेखकाच्या मनात नसलेला हेतू तिथे कसा उगवेल?

तेव्हा २०२३चा बदल हा रेटकॉन आहे आणि १९९७ची दोनशे वर्षं ही चूक आहे.