भिजलेल्या तांदळाचा चॅसिस नंबर

मा. क्लेम्स मॅनेजर साहेब यांस,

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या क्लेमसाठी आपण मला सर्व्हेअर नेमलेत, त्या पत्राची पोच देतो. ‘नुकसानीचा सर्व्हे करून सात दिवसांत विहित नमुन्यात अहवाल सादर करावा.’ सगळी वाशिष्ठी आपण एका ओळीत बसवलीत, अभिनंदन!

तेव्हाच्या नियमाने अहवालाला नेमणुकीपासून तीस दिवस मिळत होते, आपण सातच दिलेत, चालायचंच. सोबतचा नमुना मोटार क्लेमचा निघाला. इंजिन आणि चॅसिस नंबरच्या रकान्यांत मी तांदळापुढे ‘लागू नाही’ लिहिलं आहे. पॉलिसीची प्रत मात्र पाठवायची राहिली. व्यापाऱ्याची स्टॉक वही पुरात गेली. बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि खरेदी-विक्रीची बिलं जुळवून पुराच्या दिवशीचा माल तीस लाखांचा ठरला. विमा वीस लाखांचाच, हे मला व्यापाऱ्याकडून कळलं.

खरा प्रश्न सॅल्व्हेजचा. गोदामात पोत्यांचे वरचे दोन थर कोरडे होते. खालची पोती फुगून उसवली होती आणि हात घातला की आतून वाफ येत होती. अन्न म्हणून ती बाद, पण स्टार्चसाठी उचलणारा गिऱ्हाईक साठ हजार द्यायला तयार होता. विकायचं कोणी, परवानगी कोणाची, यावर आपलं पत्र गप्प. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘पुढील सूचनेपर्यंत माल हलवू नये.’ आठवड्याने सूचना आली, तोवर माल कुजला. शेवटी व्यापाऱ्यालाच पैसे देऊन तो उचलवावा लागला.

आता हिशोब बघा. नुकसान सहा लाख साठ हजार. सॅल्व्हेज मिळालं असतं तर निव्वळ सहा लाख. तीस लाखांच्या मालावर विमा वीसचा, म्हणून दोन तृतीयांश, म्हणजे चार लाख देय. सॅल्व्हेज शून्य झाल्यावर देय चार लाख चाळीस हजार. एक्सेस वेगळा. म्हणजे आपल्या गप्प बसण्याचे चाळीस हजार कंपनीने भरले आणि वीस हजार त्या व्यापाऱ्याने, ज्याच्या घरातला चिखलही अजून निघाला नव्हता. त्याने काय पाप केलं होतं? आणि वर आपल्याच ऑडिटने मला विचारावं, ‘सॅल्व्हेज का वसूल केले नाही?’

साहेब, त्या आठवड्यात आपल्याही टेबलावर शेकडो क्लेम होते आणि नमुना मुख्य कार्यालयातून आला होता, हे मी जाणतो. म्हणून एवढंच मागतो: नेमणूकपत्रासोबत पॉलिसीची प्रत जोडा, नमुना त्याच विभागाचा पाठवा आणि नाशवंत मालाचं सॅल्व्हेज कोटेशन घेऊन कोणी, कोणत्या रकमेपर्यंत विकायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. आम्हाला अधिकार द्यायचा नसेल तर तुमचा माणूस पाठवा. तांदूळ मंजुरीची वाट बघत नाही.

आपला,
एक सर्व्हेअर