तीन वेटोळ्यांचा ण

वर्गशिक्षिकेला लिहिलेल्या माझ्या पत्राचा पहिला खर्डा अडीच पानांचा झाला. मुलगी चौथीत, नंबर दोन्ही डोळ्यांना उणे दीड, मागणी एका ओळीची: तिला पहिल्या बाकावर बसवा. उरलेली अडीच पानं माझ्या इंग्रजीची होती. चेन्नईत नऊ वर्षं काढूनही माझं तमिळ भाजीवालीपुढं दोन वाक्यांत दम तोडतं, त्यामुळं या गावात शहाणं दिसायची एवढीच संधी मला मिळते. ‘रिस्पेक्टेड मॅडम’नंतर मी ‘विथ प्रोफाउंड रिगार्ड’ लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

दुसऱ्या परिच्छेदात सरफोजी महाराज आले. ते माझ्या प्रत्येक पत्रात येतात. वीजबिलाच्या तक्रारीतही एकदा आले होते. माझं मूळ सदाशिव पेठेत, तंजावरशी नातं सहलीपुरतं. पण परमुलखातल्या मराठी माणसाला एखादा राजा हाताशी असलेला बरा वाटतो. शिवाय इथं तर प्रसंगच डोळ्यांचा. दुसरे सरफोजी 1798 ते 1832 तंजावरच्या गादीवर होते. गादी नावाचीच, कारभार इंग्रजांनी काढून घेतलेला. अशा वेळी दुसरा एखादा राजा नाचगाण्यात रमला असता. हे गृहस्थ ग्रंथ जमवत बसले आणि मोतीबिंदूच्या मागं लागले. रोग्यांची टिपणं ठेवून घेतली, त्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून घेतली, आणि ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयानं जपले. इकडं मद्रासला इंग्रजांनी डोळ्यांचा दवाखाना काढला 1819 साली. तो आज एग्मोरला आहे. तंजावरात तेव्हा मराठी राजा रोग्यांच्या डोळ्यांत डोकावत होता! हे सगळं मी मॅडमना कळवलं. ‘सबब, नेत्रविषयक आस्था आमच्या रक्तातच आहे,’ असा समारोपही केला.

“रक्तात आस्था आहे, मग सहा महिने लक्षात कसं आलं नाही?” बायकोनं विचारलं. सरफोजी तिथंच गळले.

उरला खरा मजकूर. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 6/24 लिहिलं होतं आणि त्याचा अर्थही सांगितला होता: चांगला डोळा जे अक्षर चोवीस मीटरवरून वाचतो, तेच वाचायला हिला सहा मीटरवर यावं लागतं. थोडक्यात, चौपट जवळ. चष्मा लागला की तोच आकडा 6/6. चष्मा तयार व्हायला चार दिवस होते. तेवढ्यापुरती पुढची जागा मागा, असं त्या म्हणाल्या होत्या. ‘तेवढ्यापुरती’ हा शब्द माझ्या कानात शिरला नाही. मी वर्षभराची मागितली, आणि ‘प्रोफाउंड रिगार्ड’मुळं असेल किंवा मिसच्या चांगुलपणामुळं असेल, ती मिळालीही.

तीन आठवड्यांनी डायरीत शेरा आला: मुलगी चष्मा डबीतून बाहेर काढत नाही.

मी चिडलो. पोरं ‘सोडाबुट्टी’ म्हणून चिडवत असणार, असं धरून दुसऱ्या अडीच पानांची जुळवाजुळवही सुरू केली. सोडाबुट्टी म्हणजे आपला ‘ढापण्या’. तशी ती म्हणाली, “चिडवत नाहीत. अर्ध्या वर्गालाच चष्मा आहे. मला तिथून दिसतं ना, बाबा! मग घालू कशाला?”

मी गणित मांडलं आणि गप्प बसलो. पहिला बाक फळ्यापासून दोन मीटरवर, शेवटचा आठ मीटरवर. दोन आणि आठ, म्हणजे पुन्हा चौपटच. म्हणजे पहिल्या बाकावर विनाचष्म्याची माझी मुलगी जेवढं वाचते, जवळपास तेवढंच शेवटच्या बाकावरचं चष्मेवालं पोर वाचतं. मी शब्द खर्चून मिळवलेल्या जागेनं चष्म्याचं काम काढून घेतलं होतं. फळ्यापुरतं. मैदानावर, रस्त्यावर, जिन्यात दोन मीटरचा बाक नसतो. आणि ज्याला चष्म्याची सवय वर्गात लागत नाही, ते पोर तो बाहेर कशाला घालतंय!

इथं मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना सरफोजी मदतीला येत नाहीत.

तमिळमध्ये एक न दोन वेटोळ्यांचा आणि एक ण तीन वेटोळ्यांचा. पोरं त्यांना तसंच म्हणतात, ‘रेंडु सुळि’ आणि ‘मूणु सुळि’. वर्षाच्या सुरुवातीपासून हिच्या तमिळच्या वहीत या दोघांची अदलाबदल चालली होती. मी निदान करून टाकलं होतं: मराठी घरातलं पोर, तमिळ कानावर पडत नाही, लक्षही नाही. शिकवणी लावली. रोज संध्याकाळी पन्नास वेळा तीन वेटोळी गिरवून घेतली. घरी, हाताच्या अंतरावर, तिला ती छान यायची. दुसऱ्या दिवशी फळ्यावरून उतरवताना पुन्हा दोनच. “घरी येतं आणि शाळेत कसं येत नाही?” असं मी ओरडायचो. उत्तर त्या प्रश्नातच होतं, आणि मी ते रोज मोठ्यानं बोलून दाखवत होतो.

तेव्हा ती चौथ्या बाकावर बसायची. तिथून अख्खं अक्षर दिसतं, पण त्यातलं वेटोळं म्हणजे अक्षराचा तिसरा-चौथा हिस्सा. अक्षर पुसट व्हायच्या आधी वेटोळी एकमेकांत मिसळतात. दोन आहेत की तीन, हा तिच्यापुरता अंदाजाचा खेळ होता. ती तक्रार का करणार? सगळ्यांना फळा असाच दिसतो, असं तिला वाटत होतं. ज्यानं कधी स्पष्ट पाहिलंच नाही, त्याला अस्पष्ट म्हणजे काय हे कसं कळावं? मला मात्र तिचा आळस स्पष्ट दिसत होता. बिनचष्म्याचा.

दुसरं पत्र मी नऊ ओळींत लिहिलं. मुलीला चष्म्यासकट पूर्वीच्या चौथ्या बाकावर बसवावं. चष्मा लावून फळा पुसट दिसतो असं ती म्हणाली, डोळे बारीक करून पाहू लागली किंवा शेजारणीच्या वहीतून उतरवू लागली, तर नंबर वाढला असेल, लगेच कळवावं. चष्मा डबीत दिसला तर एकदा आठवण करावी, सगळ्यांदेखत नको. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. सोबत चिठ्ठीची प्रत. बस.

पण नऊ ओळींत माझं समाधान कसलं होतंय! मिसवर छाप पाडायला शेवटी एक शब्द तमिळमधून घातला: कण्णाडि. चष्म्यालाही कण्णाडि आणि आरशालाही कण्णाडि, एकच शब्द. यावर मोठं रसाळ वाक्य सुचलं होतं, पण बायकोकडं बघून आवरलं. शब्द तेवढा वळणदार अक्षरात लिहिला आणि कागद वाळायला धरतात तसा लांब धरून पाहिला. हल्ली मी सगळंच जरा लांब धरून पाहतो. प्रकाश चांगला पडतो म्हणून.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कन्यारत्न चष्मा लावून इडली खात होतं. तिथूनच म्हणालं,

“बाबा, तुझ्या कण्णाडितला ण दोनच वेटोळ्यांचा झालाय.”